पहिली प्रत रिबनची, तिसरी प्रत हेडची

नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, कळमना या भागातल्या ठोक दुकानांमध्ये बिलाच्या टेबलावरून अजून तोच करकर आवाज येतो. लेझर प्रिंटर स्वस्त झाले, मोबाइलवर पीडीएफ जाते, तरी डॉट मॅट्रिक्स हललेला नाही. कारण सरळ आहे. जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : पहिली घेणाऱ्याची, दुसरी ट्रान्सपोर्टरची, तिसरी विकणाऱ्याची. डॉट मॅट्रिक्स या तिन्ही एका फटक्यात काढतो आणि तिन्हींवर तोच आकडा असतो याची खात्री असते. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे आणि ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांचा मामला वेगळा. त्यांना तीन प्रतींचा हा नियम लागत नाही. शिवाय बिलावर क्यूआर कोड छापावा लागतो आणि या प्रिंटरच्या जाडजूड ठिपक्यांत तो बऱ्याचदा स्कॅन होत नाही. पण त्याखालच्या व्यापाऱ्याला हे मशीन अजून पुरून उरतं.

त्रास एकाच ठिकाणी होतो. प्रिंट फिकी आली की सगळे रिबन बदलतात. पहिली प्रत फिकी असेल तर ते बरोबर आहे. तिसरी फिकी असेल तर रिबनचा त्यात काहीही संबंध नसतो. हे का, ते समजून घेतलं तर बिलाचा एक सेट हातात धरून दोष कुठे आहे हे कोणालाही सांगता येईल.

प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक तारांसारख्या पिना उभ्या रांगेत असतात. बिलाच्या मशीनमध्ये बहुतेक ९ पिना, काही मशीनमध्ये २४. ९ पिनांच्या हेडमधली एक पिन साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची असते. प्रत्येक पिनेमागे विजेवर चालणारं छोटं चुंबक. करंट आला की पिन झटक्यात पुढे येते, रिबनवर आपटते आणि लगेच मागे जाते. कागदाच्या मागे काळा रबरी रोलर असतो, त्याला प्लेटन म्हणतात. पिन, रिबन, कागदाचे तीन थर आणि मग प्लेटन, असा हा क्रम.

या एका फटक्यात दोन वेगळी कामं होतात. रिबनची शाई सर्वात वरच्या कागदाला लागते. ती तिथेच संपते, खालच्या कागदापर्यंत जात नाही. खालच्या दोन प्रती निव्वळ दाबाने उमटतात. आजकालच्या बिलाच्या सेटमध्ये काळा कार्बन नसतो, कागद कार्बनलेस असतो. वरच्या कागदाच्या पाठीला रंगाचे सूक्ष्म कण लेपलेले असतात, प्रत्येक कण आपल्या आवरणात बंद. खालच्या कागदाच्या पोटाला खास मातीचा लेप असतो. पिनेच्या फटक्याने आवरणं फुटतात, आतलं द्रव्य त्या लेपाला भिडतं आणि निळसर किंवा काळं अक्षर उमटतं. मधल्या कागदाला दोन्ही बाजूंना लेप असतो, म्हणून तो वरून घेतो आणि खाली देतो. नखाने कागदावर जोरात ओरखडा काढा, खालच्या प्रतीवर रेघ येईल. तिथे कुठे शाई होती?

म्हणजे पहिली प्रत रिबनवर जगते आणि तिसरी प्रत फटक्याच्या जोरावर. हा जोर पिन किती अंतरावरून येऊन आदळते यावर ठरतो. ते अंतर म्हणजे हेड गॅप, हेडचं तोंड आणि प्लेटन यांच्यामधली जागा. मिलिमीटरच्या काही दशांशांचा हा मामला आहे, पण सगळा खेळ त्यातच आहे.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक दुकानातलं उदाहरण घेऊ. मुनीमजी वैतागलेले होते. "नवी रिबन टाकली न भाऊ, दोनदा टाकली. तरी तिसरी कॉपी दिसूनच नाही राहिली." बिल हातात घेतलं. पहिली प्रत काळीभोर, दुसरी बरी, तिसरीवर अक्षरांची नुसती सावली. ग्राहकाच्या जीएसटी नंबरात २७ नंतरचं काहीच धड लागत नव्हतं. तिथे ८ आहे की इंग्रजी बी, हे डोळे बारीक करूनही कळेना. गाडीचा नंबर एमएच ४९ आहे की ४०, तेही नाही. तिसरी प्रत दुकानाच्या फाइलला लागते आणि वर्षभराने कोणी विचारलं तर तीच काढावी लागते.

नवी रिबन, पहिली प्रत काळी, तिसरी मेलेली. एवढ्यावरूनच रिबन निर्दोष ठरते. पण मुनीमजींना पटत नव्हतं, म्हणून रिबनची कॅसेटच बाहेर काढली आणि त्याच सेटवर एक ओळ छापली. पहिल्या कागदावर काहीच आलं नाही, तिरपं धरून पाहिलं तर फक्त खड्डे. दुसऱ्या प्रतीवर मात्र पूर्ण ओळ वाचता येत होती, आणि तिसऱ्यावर आधीसारखीच सावली. "मंग रिबनचे पैसे पाण्यातच गेले म्हणा की," ते म्हणाले. ही परीक्षा एका ओळीपुरतीच करायची. रिबनच्या शाईत तेलाचा अंश असतो, तो पिनांना वंगणासारखा मिळत राहतो. रिबनशिवाय किंवा पार सुकलेल्या रिबनवर पिना ठोकत राहिल्या तर कोरड्या घासतात आणि झिजतात.

मग नजर गेली ती कागदाच्या जाडीच्या लिव्हरकडे. बहुतेक मॉडेलमध्ये तो बाजूला, झाकणाखाली असतो आणि त्याच्याशेजारी आकडे कोरलेले असतात. तो ५ वर होता. दिवाळीत दुकानाने ग्राहकांना पाठवायच्या जाड लिफाफ्यांवर पत्ते छापले होते. लिफाफा अडकत होता म्हणून पोराने लिव्हर ५ वर नेला, काम झालं आणि लिव्हर तिथेच राहिला. तेव्हापासून हेड प्लेटनपासून लांब होतं. पिन पोहोचेपर्यंत तिचा जोर कमी होत होता. वरच्या कागदाला रिबन दाबण्याइतका जोर मिळत होता, पण तीन थर पार करून शेवटची आवरणं फोडण्याइतका नाही.

आणखी एक खूण त्याच बिलावर होती. रकान्यांच्या उभ्या रेषा सरळ नव्हत्या, एक ओळ जरा डावीकडे तर पुढची जरा उजवीकडे, अशी करवत झाली होती. हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतं. पिनेला कागदापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागला की तेवढ्यात हेड थोडं पुढे सरकलेलं असतं आणि दोन दिशांचे ठिपके एकमेकांपासून फाकतात. तिसरी प्रत फिकी आणि उभ्या रेषा वाकड्या, ही जोडी दिसली की आधी लिव्हर पाहावा. लिव्हर जागेवर असूनही रेषा वाकड्या असतील तर मग प्रिंटरच्या सेटिंगमधून दोन दिशांचा मेळ घालावा लागतो. ते वेगळं काम आहे.

लिव्हर फिरवला की नेमकं काय होतं तेही पाहा. हेड एका लोखंडी दांड्यावरून डावी-उजवीकडे धावतं. या दांड्याच्या टोकांचा मध्य एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे लिव्हरने दांडा थोडा फिरला की अख्खं हेड प्लेटनच्या जवळ येतं किंवा दूर जातं. आकडा लहान तर अंतर कमी, आकडा मोठा तर जास्त. एप्सनच्या एलएक्स मालिकेसारख्या बऱ्याच मशीनमध्ये साधा एकेरी कागद ०, दोन पार्ट १, तीन पार्ट २, चार पार्ट ३ असा ढोबळ हिशेब चालतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत तक्ता असतो, पहिला शब्द त्याचा. पण तो तक्ता कंपनीने ठरवलेल्या जाडीच्या कागदासाठी असतो. आपल्याकडे स्टेशनरीवाला कधी पातळ देतो, कधी जाड, म्हणून एकदा आपल्या कागदावर करून पाहिलेलं बरं.

करायचं ते असं. तीन पार्टचा कोरा सेट ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे कागदाच्या कडेची भोकं धरून तो ओढणाऱ्या दात्यांवर, लावा. एप्सनच्या एलएक्स मालिकेत प्रिंटर बंद करून एलएफ/एफएफ बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. प्रिंटर आपणहून अक्षरांचा नमुना छापू लागतो, कॉम्प्युटरचा संबंधच नाही. लिव्हर आधी ४ वर ठेवून काही ओळी काढा आणि प्रिंटर बंद करा. मग ३, मग २, मग १, दर वेळी तसंच. प्रत्येक तुकड्यावर पेनाने लिव्हरचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर चारही सेट फाडल्यावर कोणता कोणाचा हे कळत नाही. पहिल्या प्रतीकडे बघू नका. तिसरी प्रत उजेडात धरा आणि गोंधळ करणारी अक्षरं शोधा : ८ आणि बी, ५ आणि एस, शून्य आणि ओ.

त्या दुकानात ४ वर तिसरी प्रत फिकीच राहिली. ३ वर वाचता येत होती, पण ८ आणि बी अजून भाऊ-भाऊच होते. २ वर सगळं स्वच्छ आलं. १ वर अक्षरं तेवढीच स्वच्छ, पण ओळीच्या आजूबाजूला दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीवर राखाडी धुरकटपणा आला. म्हणून २. नियम असा की मोठ्या आकड्यावरून खाली यायचं आणि तिसरी प्रत जिथे पहिल्यांदा स्वच्छ वाचता येते तिथे थांबायचं. पुढे दाबत जायचं नाही. मुनीमजींनी लिव्हरशेजारी चिठ्ठी चिकटवली : "बिल २, लिफाफा ५, काम झालं की २". नवी रिबन आणायच्या आधीच ही चिठ्ठी लावली असती तर बरं होतं, पण ठीक आहे.

अंतर कमी केल्याने प्रती गडद होतात म्हणून लोक लिव्हर थेट ० वर लावून ठेवतात. ते महागात पडतं. हेडचं तोंड कागदाला घासायला लागलं की घासण्यानेच आवरणं फुटतात, म्हणून तो धुरकटपणा. पहिल्या प्रतीला शाईचा आडवा डाग येतो. खरा धोका पिनांचा. जागा कमी पडली की पिन पूर्ण मागे यायच्या आत हेड पुढे सरकतं आणि पिन रिबनच्या कापडात अडकते. कधी रिबनचा धागा निघतो, कधी पिनच वाकते किंवा तुटते. एक पिन गेली तरी बहुतेक वेळा अख्खं हेड बदलावं लागतं, आणि जुन्या मशीनला नवं हेड घालायचं की मशीनच बदलायचं असा प्रश्न उभा राहतो. पिन गेल्याची खूण अगदी ठरलेली आहे : प्रत्येक अक्षरात एकाच उंचीवर आडवी पांढरी रेघ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि तिन्ही प्रतींवर सारखी. रिबन खराब असेल तर अशी सरळ रेघ कधी येत नाही.

आता रिबन. ती बदलायची वेळ पहिली प्रत सांगते. ती फिकी आणि खालच्या दोन ठीक, तर फटका शाबूत आहे आणि शाई संपली. एलएक्स-३१० च्या रिबनसाठी सुमारे ४० लाख अक्षरांचं आयुष्य सांगितलं जातं. आपलं एक बिल, पत्ता, रकाने, एकूण धरून १,५०० अक्षरांचं असेल तर साधारण २,६०० बिलं. दिवसाला ४० बिलं निघत असतील तर दोन-अडीच महिने. रकान्यांच्या रेघा जास्त असतील तर त्याही शाई खातात, म्हणून हिशेब थोडा कमीच धरावा. आणि या हिशेबात प्रती मोजायच्या नाहीत, तीन पार्ट काय नि चार पार्ट काय, रिबन एकदाच खर्च होते.

बदलताना प्रिंटर बंद करा आणि थोडं थांबा. सलग बिलं छापून झाली असतील तर हेड चटका बसेल इतकं तापलेलं असतं. उन्हाळ्यात विचारूच नका. झाकण उघडून हेड हाताने मधोमध आणा. प्रिंटर बंद असेल तेव्हाच हेड हाताने सरकवायचं, चालू असताना नाही. जुनी कॅसेट दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचला. नवी कॅसेट बसवण्याआधी तिच्या बाजूची छोटी गुंडी बाण दाखवलेल्या दिशेने फिरवा म्हणजे रिबनचा ढिलेपणा आत जातो. उलट फिरवली की रिबन आत गुंतते आणि मग ती कॅसेट गेलीच समजा. कॅसेट जागेवर ठेवून दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. एकच बाजू बसली तर रिबन तिरपी चालते आणि अक्षरांचा वरचा किंवा खालचा भाग कापलेला येतो.

मग नाजूक काम. हेडच्या तोंडासमोर एक पातळ पत्रा किंवा प्लास्टिकची पट्टी असते, मध्ये छोटी खिडकी असलेली. ती रिबनला कागदावर घासू देत नाही. रिबन हेड आणि त्या पट्टीच्या मधून गेली पाहिजे. बोथट पेन्सिलीने किंवा रिफिल आत घेतलेल्या बॉलपेनच्या टोकाने रिबन हलकेच खाली सरकवा. सुई किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, पट्टी वाकली की तीच रिबन फाडते. गुंडी पुन्हा फिरवून रिबन ताणा आणि हेड हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीनदा न्या. रिबनला पीळ पडला असेल तर तो इथेच दिसतो. काही कॅसेटमध्ये रिबनच्या पट्ट्याला कारखान्यातूनच एक अर्धा पीळ दिलेला असतो, म्हणजे दोन्ही कडा आळीपाळीने वापरल्या जातात. तो कॅसेटच्या आत असतो. बाहेर, हेडसमोर रिबन सपाटच दिसली पाहिजे.

पैसे वाचवायला आपल्याकडे जुन्या कॅसेटमध्ये फक्त कापडाची नवी रिबन, रिफिल, भरतात. हरकत काही नाही, पण जोडावर बोट फिरवून पाहा. तो तिरपा आणि गुळगुळीत हवा. जाड गाठीसारखा लागला तर घेऊ नका, दर फेरीला तो हेडसमोरून जातो आणि तुम्ही गॅप नीट लावलेला असला तरी पिना त्यात अडकतात. कॅसेटमधले दाते झिजले असतील तर रिबन पुढे सरकतच नाही, एकाच जागी ठोके बसून तिथे भोक पडतं. हे ओळखायला छपाई चालू असताना गुंडीकडे बघा. ती फिरत नसेल तर रिफिलचा उपयोग नाही, अख्खी कॅसेट घ्या.

आणि सुकलेल्या रिबनवर स्टॅम्प पॅडची शाई ओतण्याचा जो उपाय दुकानादुकानांत चालतो, तो कृपा करून सोडा. ती शाई वेगळ्या जातीची असते, पिनांना वंगण देत नाही आणि वाळली की हेडच्या तोंडात चिकट थर करते. दोन आठवडे प्रिंट छान येते आणि मग एकेक पिन जाम व्हायला लागते.

सगळं बरोबर असूनही कधी बिलाची डावी बाजू गडद आणि उजवी फिकी असते. लिव्हर कितीही हलवा, दोन्ही एकदम बरोबर येत नाहीत. तेव्हा हेडचा दांडा प्लेटनला समांतर राहिलेला नसतो. मशीन आपटलं असेल, ट्रान्सपोर्टमध्ये पडलं असेल किंवा दांड्याच्या टोकाची बुशिंग सरकली असेल. हे घरी करायचं काम नाही. मेकॅनिक फीलर गेजची पाती हेड आणि प्लेटनच्या मध्ये घालून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अंतर मोजतो आणि दोन्ही टोकांच्या बुशिंग फिरवून ते सारखं करतो. त्याला एवढंच विचारा की मोजताना लिव्हर कोणत्या आकड्यावर ठेवला होता आणि तिन्ही ठिकाणी किती आलं. नुसतं डोळ्याने बघून "झालं" म्हणाला तर पैसे देण्याआधी तीन पार्टची एक प्रिंट काढून दोन्ही कडा तपासा.

टॅली वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बिल टॅलीच्या 'नीट मोड' नावाच्या छपाई प्रकारात जात असेल तर प्रिंटरला अक्षरं नाहीत, चित्र मिळतं. मग तो हळू छापतो, आवाज वेगळा येतो आणि तिसरी प्रत बऱ्याचदा कमजोर पडते. छपाईचा प्रकार डॉट मॅट्रिक्स फॉरमॅट ठेवला की प्रिंटर स्वतःच्या अक्षरांनी छापतो. ९ पिनांच्या मशीनमध्ये एनएलक्यू, म्हणजे जास्त सुबक, अक्षर निवडलं तर तीच ओळ हेड दोनदा मारतं. वेळ जास्त लागतो, पण जाड कागदाच्या चार पार्टला त्याचा फायदा होतो. २४ पिनांचं मशीन यात मागे राहतं, कारण त्याच्या पिना बारीक. अक्षर देखणं येतं, पण प्रतींसाठी ९ पिनांचं मशीनच घ्यावं असं माझं मत आहे.

राहिला नागपूरचा उन्हाळा. या मशीनची कामाची मर्यादा साधारण ३५ अंशांपर्यंत सांगितलेली असते आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. हेड तापलं की प्रिंटर ओळ अर्ध्यात सोडून क्षणभर थांबतो, मग पुन्हा चालू होतो. तो बिघाड नाही, हेडला जळू न देण्याची ती सोय आहे. बाकी खोलीत कूलर असतोच, आणि तो नेमका बिलाच्या टेबलाकडे तोंड करून ठेवलेला असतो. त्याची ओली हवा कार्बनलेस कागदाला सर्वात आधी लागते. कागद ओल धरतो, कडा वळतात, तीन थर एकमेकांपासून सुटतात आणि ट्रॅक्टरची भोकं दात्यांवर नीट बसत नाहीत. थरांमध्ये हवा आली की पिनेचा फटका मधल्या पोकळीतच मुरतो. तेव्हा तिसरी प्रत फिकी येते आणि लिव्हर मात्र २ वरच असतो. अशा वेळी लिव्हर हलवू नका. खोक्यातला कोरडा सेट लावून एक बिल काढा. ते स्वच्छ आलं तर प्रिंटर तसाच राहू द्या आणि कूलरचं तोंड फिरवा. उघडं पडलेलं स्टेशनरीचं खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, आणि त्याच्यावर जड वह्यांचे गठ्ठे ठेवू नका, त्या दाबानेच कोऱ्या कागदावर निळे डाग उमटतात.